पैलवान गुरुवारी गेला की शुक्रवारी

मंगळवार, पितृपंधरवड्यातला. साल एकोणीसशे सत्तर. कोल्हापूर, आमच्या दैनिकाची कचेरी, मालकांची खोली. बोलावलं होतं अकराला. सगळे आपापल्या खुर्चीत स्थिरस्थावर होईतो साडेअकरा झाले.

हजर: मालक, जे संपादकही होते. खेळाचं पान सांभाळणारे आमचे सहकारी. यांना मी पुढं खेळवाले म्हणेन, कचेरीत सगळे तेच म्हणत. चौकातल्या फळ्यावर रोज खडूनं बातम्या लिहिणारे मास्तर. एका जुन्या तालमीचे वस्ताद. आणि संदर्भ विभागाची मी, काखेत नकाशांचं पुस्तक घेऊन.

गैरहजर: न्यूझीलंडचे एक जगप्रसिद्ध मल्ल. ते वारले होते. कधी वारले, एवढाच बैठकीचा विषय होता.

संदर्भ विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, तीन लोखंडी कपाटं आणि मी. कात्रणं कापायची, चिकटवायची, माणसागणिक कार्ड करायचं, आणि रोजच्या 'दिनविशेष' या सदरासाठी कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं ते काढून द्यायचं. मला हे काम मनापासून आवडायचं. माणसं कार्डावर आली की शहाण्यासारखी वागतात. त्यामुळे एखाद्या माणसाला मरणाच्या दोन तारखा निघाल्या की मला घरात एकाच जेवणाला दोनदा भाजी शिजल्यासारखं वाटायचं. एक कुठली तरी उगाच असणार.

आता हे मल्ल कोल्हापूरचे कोण लागत होते, ते सांगते. फार वर्षांपूर्वी ते जगभर कुस्त्या मारत हिंडताना इथंही येऊन गेले होते. खासबागेत त्यांची कुस्ती आमच्या या वस्तादांशी लागली आणि बरोबरीत सुटली. दोघांनी एकमेकांना उचलून कुस्तीच्या हौद्याला फेरी मारली, असं ज्यांनी पाहिलं ते सांगत, आणि ज्यांनी पाहिलं नाही ते जास्त सांगत. तेव्हापासून तो माणूस कोल्हापूरचा झाला. त्याची बातमी आली की ती पहिल्या पानावर जायची, मग दिल्लीत काहीही घडलेलं असो.

ते गेल्याची बातमी आली त्या दिवशी गुरुवार होता. आमचा पेपर दोनदा निघायचा. गगनबावडा, आजरा अशा लांबच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती लवकर छापून एसटीवर चढवायची, आणि शहराची आवृत्ती त्यानंतर सावकाश. डाक आवृत्ती रवाना झाली आणि टेलिप्रिंटर खडखडला. दोन ओळींची इंग्रजी बातमी. सुरुवातीला गाव आणि वार: ऑकलंड, शुक्रवार. पुढं मजकूर: विख्यात मल्ल आज पहाटे येथे निधन पावले.

खेळवाल्यांनी तो कागद फाडून घेतला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. गुरुवार होता. पुन्हा कागदाकडं पाहिलं. शुक्रवार. आता माणूस उद्या कसा मरेल? यंत्रावर बसणारा मुंबईचा कुणीतरी पेंगलेला असणार, असं ठरवून त्यांनी शुक्रवार खोडला आणि गुरुवार केला. शुक्रवारी सकाळी अख्ख्या कोल्हापुरानं वाचलं: 'गुरुवारी पहाटे निधन'. वस्तादांनी पेपर वाचला, तालमीला कुलूप घातलं. जोडीचा पैलवान गेला की एक दिवस, आणि पुढं दरसाल त्याच तारखेला, आखाडा बंद ठेवायचा, ही त्यांच्या तालमीची रीत. पोरांनी लाल माती झाकून ठेवली आणि रंकाळ्यावर जाऊन बसली. प्रकरण इथं संपायला हरकत नव्हती.

पण मास्तरांचा भाचा ऑकलंडला नोकरीला होता.

मास्तर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचा फळा चौकातल्या पिंपळाखाली. अक्षर असं की लोक बातमी नसली तरी अक्षर बघायला थांबत. आमच्या पेपरची एखादी चूक सापडली की मास्तरांच्या खडूला पालवी फुटायची. भाच्यानं तिथल्या वर्तमानपत्राचं कात्रण विमानटपालानं धाडलं, ते दहाएक दिवसांनी पोचलं. त्यात स्पष्ट होतं: शुक्रवारी रात्री दीडच्या सुमारास निधन. मास्तरांनी सोमवारी सकाळी फळ्यावर लिहिलं, वर रंगीत खडूची नक्षी काढून:

'स्थानिक दैनिकाचा पराक्रम. पैलवान शुक्रवारी वारले, दैनिकाने त्यांना गुरुवारीच मारले. यमदूतांनी नोंद घ्यावी.'

दुपारपर्यंत कचेरीतल्या शिपायालाही चहाच्या गाड्यावर विचारणा झाली, "काय, उद्या कुणाचा नंबर हाय? आधी सांगा, तयारीला बरं."

मालकांनी खेळवाल्यांना बोलावलं. बैठक उद्या, मास्तरांनाही बोलावतो, वस्तादांनाही बोलावतो. चूक आपली निघाली तर पहिल्या पानावर दिलगिरी, आणि खेळाचं पान तुमच्याकडून काढून घेणार. मग तुम्ही मार्केट यार्डात जायचं, गुळाचे भाव आणायचे.

हे ज्यांना हलकं वाटेल त्यांनी आमच्या खेळवाल्यांना पाहिलेलं नाही. या माणसाचं लग्नसुद्धा मैदान नसलेल्या दिवशी धरलं होतं. दिवाळीनंतर खासबागेत मोठं मैदान ठरलेलं, पंजाबचे पैलवान यायचे होते. हौद्याच्या काठाला पत्रकारांची जी फळी टाकत, तिच्या डाव्या टोकाला गेली अनेक वर्षं हा माणूस बसत आला होता. गुळाचे भाव लिहिणाऱ्याला ती फळी नाही. त्याला सौद्याच्या ओट्यावर गुळाच्या रव्यांमध्ये, म्हणजे ढेपांमध्ये, उभं राहायचं.

सोमवारी दुपारी ते माझ्या जिन्याखाली आले. डोकं आपटू नये म्हणून वाकून आले आणि वाकूनच राहिले.

"बाई, माणूस उद्या मरतो का हो?"

"न्यूझीलंडात मरतो," मी म्हटलं.

त्यांना आधी थट्टा वाटली. मी नकाशा काढला. सूर्य पूर्वेला आधी उगवतो, तेव्हा पूर्वेच्या लोकांचा दिवस आधी सुरू होतो आणि आधी संपतो. न्यूझीलंड आपल्यापुढं साडेसहा तास. तिथं शुक्रवारी रात्रीचा दीड, म्हणजे आपल्याकडं किती? त्यांनी बोटांवर मागं मोजलं आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

"गुरुवार संध्याकाळचे सात."

"म्हणजे तुमचा गुरुवार बरोबर."

"म्हणजे मी बरोबर होतो?"

"तुम्ही बरोबर लिहिलं. बरोबर होतात असं नाही."

तेवढ्यावर ते खुशीत निघाले होते. मी थांबवलं आणि त्या शुक्रवारचा अंक त्यांच्यापुढं धरला. वार त्यांनी बदलला होता, पण पुढचा शब्द तसाच ठेवला होता. 'गुरुवारी पहाटे'. तिथली पहाट शुक्रवारची. इथला गुरुवार संध्याकाळचा. गुरुवारची पहाट तिथंही नाही आणि इथंही नाही.

ते पुन्हा वाकले.

"मास्तरांच्या लक्षात आलं असेल?"

"फळ्यावर तरी पहाटेचं काही नाही. वारावरच घसरलेत."

"मग आपण वारावरच ठेवू की. पहाट कशाला उठवायची?"

मी हो म्हटलं. मालकांनी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर संदर्भ विभाग देत नाही. दिलं असतं तर दिवस पुरला नसता.

तर मंगळवार, साडेअकरा. मालकांच्या टेबलावर तीन गोष्टी: आमचा शुक्रवारचा अंक, मास्तरांचं कात्रण, आणि चहा. वस्ताद खुर्चीत मावत नव्हते, म्हणून बाकावर बसले. मास्तरांनी खिशात खडूचा तुकडा आणला होता. सवयीनं आला असेल, पण ते तो मधून मधून बाहेर काढून बघत होते.

मालकांनी सुरुवात केली. "मास्तर, तुमचं म्हणणं सांगा."

"माझं म्हणणं फळ्यावर आहे. शुक्रवारी मेलेला माणूस गुरुवारी मेला असं तुम्ही छापता. उद्या माझाही आकडा लावाल."

"तुमची बातमी आम्ही वेळेवर छापू," खेळवाले म्हणाले.

"तुम्ही गप बसा," मालक म्हणाले. "बाई, बोला."

मी उभी राहून नकाशा उघडला, पण मालकांना नकाशा कळत नाही हे मला माहीत होतं. ते नकाशात आधी कोल्हापूर शोधत आणि ते सापडलं नाही की नकाशावरच चिडत. म्हणून मी खासबाग घेतली.

"असं समजा, पृथ्वी म्हणजे खासबागेचं गोल मैदान. कडेनं सगळे देश बसलेत. आणि एक हलगीवाला कडेकडेनं फेरी मारतोय. तो सूर्य. ज्याच्यापुढं हलगी वाजते त्याची दुपार. पुढं गेला की याची संध्याकाळ, आणि पलीकडच्याची दुपार. एकाच वेळी सगळ्यांपुढं हलगी वाजत नाही."

"बरं," मालक म्हणाले.

"आता तारीख. फेरी गोल आहे, मग नवा वार कुठून सुरू झाला म्हणायचा? गोल मैदानाला एका जागी दार ठेवावंच लागतं. तिकीट तिथं फाडतात. जगानं ते दार पॅसिफिक महासागरात ठेवलंय, कारण तिथं पाणीच पाणी, दारात भांडायला माणसं कमी. न्यूझीलंड त्या दाराच्या अगदी आत बसलेलं. नवा वार दारातून आत आला की पहिल्यांदा त्यांना भेटतो. मग जपान, मग आपण, मग लंडन, मग अमेरिका. ते मल्ल गेले तेव्हा शुक्रवार त्यांच्याकडं पोचला होता. आपल्याकडं अजून यायचा होता."

"म्हंजे गेले एकदाच, पर दोन वारी," वस्ताद म्हणाले.

"हो. तिथल्या पेपरनं तिथला वार लिहिला, आपण आपला. दोघंही खरे."

मास्तर ऐकत होते. मास्तर हुशार होते, ही मुख्य अडचण होती. ते म्हणाले, "मग मला एक सांगा. अमेरिकेतली माणसं मरतात ती आपल्या पेपरात एक दिवस उशिरा का येतात? तिथं तर तुम्ही कधी घाई करत नाही."

"तिथं उलटं. अमेरिका आपल्या मागं. तिथं कुणी गुरुवारी रात्री गेलं तर आपल्याकडं शुक्रवारची सकाळ झालेली असते. शुक्रवारचा पेपर तुमच्या दारात पडून तुमच्या त्यातल्या चुकासुद्धा शोधून झालेल्या असतात. बातमी येणार शनिवारी. आणि 'काल' लिहिलं तर शुक्रवार होतो, तिथला वार लिहिला तर गुरुवार. पेपर छापायची वेळ मध्ये येते, त्याला सूर्य काय करणार?"

मालकांना हे पटलं, कारण यात छापखाना आला. "म्हणजे आपली चूक नाही."

"आणि मुख्य गोष्ट," मी म्हटलं, "फळ्यावर लिहिलंय की आपण मरायच्या आधी मारलं. शुक्रवारी उजाडता आपला पेपर गावात होता. तोवर ते गेले नसते तर ऑकलंडहून तार कुणी केली असती?"

खेळवाल्यांनी खुर्चीला पाठ टेकली. तिथं खरं तर बैठक संपवायला हवी होती. पण मालकांना वस्तादांचा मान राखायचा होता. ते म्हणाले, "वस्ताद, तुम्हाला काय वाटतं?"

वस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली. "मला न्यूझीलंडचं म्हाईत न्हाय. पर तुम्ही म्हनता आपल्याकडं सांजचे सात वाजलेते?"

"सात."

"मग मगरीबची नमाज झालती की. आमच्यात दिवस मावळला की तारीख बदलती. बेस्तरवारची सांज झाली की जुम्मा लागतो. म्हंजे माझ्या हिशेबानं गडी शुक्रवारीच गेला, आनि हितंच बसून. तुमचं मैदान फिरवायची गरज न्हाय."

मग मास्तरांनी खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कोल्हापुरातच शुक्रवार निघाला."

"निघाला नाही," मालक म्हणाले. "पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो. त्या हिशेबानं उजाडेपर्यंत गुरुवारच."

"मग तीन झाले," मास्तर म्हणाले. "वस्तादांचा सांजेला, भटजींचा सकाळी आणि इंग्रजाचा मध्यरात्री. तुमचा पेपर कुणाचा?"

"पेपर इंग्रजी तारखेचा," मी म्हटलं. "ती वर छापलेली असते."

"छापलेली असते ना?" मास्तरांचा आवाज एकदम गोड झाला. मला तो आवाज आवडला नाही. त्यांनी खांद्यावरच्या शबनम पिशवीतून आणखी एक अंक काढला. आमचाच. शनिवारचा, डाक आवृत्ती. "माझे साडू गगनबावड्याला असतात. पावसात भिजलाय, पण वाचता येतो. वाचू?"

मी डोळे मिटले. डाक आवृत्तीला ती बातमी शुक्रवारी सकाळी मिळालीच नव्हती. गाडी आधीच गेली होती. तिच्यात ती शनिवारी आली. ती दुसऱ्या टेबलावर दुसऱ्याच माणसानं केली होती, मागून आलेल्या सविस्तर बातमीवरून, आणि त्यानं काही न सुधारता जसंच्या तसं घेतलं होतं.

"'ऑकलंड येथे शुक्रवारी पहाटे निधन पावले'," मास्तरांनी वाचलं. "म्हणजे शहरात गुरुवारी मेला, गगनबावड्यात शुक्रवारी. घाटापर्यंत जायला एक दिवस लागला असणार."

वस्ताद पोट हलवत हसले. बाकही हलला. मालक हसले नाहीत. त्यांनी दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्ही ओळींवर एकेक बोट ठेवलं.

"शहरात 'गुरुवारी पहाटे'. डाकेत 'शुक्रवारी पहाटे'," ते सावकाश म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं. "बाई, तुम्ही म्हणालात आपल्याकडं संध्याकाळचे सात. मग ही गुरुवारची पहाट कुणाची?"

हा प्रश्न आता विचारला गेला होता, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं.

"कुणाचीच नाही. कागदावर शुक्रवार पहाट आली होती. वार बदलला, पहाट बदलायची राहिली."

"वार तुम्ही वेळेचा हिशेब करून बदललात?" मालकांनी खेळवाल्यांना विचारलं.

खेळवाल्यांकडं सगळे बघत होते. मी सोडून; मी छताकडं बघत होते. ते म्हणाले, "नाही. मला वाटलं मुंबईवाला पेंगलाय."

मास्तरांनी खडू परत हातात घेतला. या वाक्याला फळ्यावर किती जागा लागेल ते ते मनातल्या मनात आखत होते, हे स्पष्ट दिसत होतं. मालकांनी टेबलाचा खण उघडला आणि एक कोरा कागद काढला. दिलगिरीचा मजकूर ते नेहमी स्वतःच्या हातानं लिहीत. खेळवाले त्या कागदाकडं असे बघत होते, जणू त्यावर आधीच गुळाचा डाग पडलाय.

आणि मग त्यांनी जे विचारलं, ते फक्त चितपट होता होता कूस बदलणारा माणूसच विचारू शकतो.

"बाई, हलगीवाला त्या वेळी कुठंतरी पहाटेत असणारच की."

"असणार."

"आणि तिथं गुरुवार असला तर?"

मी नकाशा उघडला. त्या समुद्रातल्या दाराच्या न्यूझीलंडकडच्या बाजूला शुक्रवार होता. दाराच्या पलीकडच्या बाजूला, जवळच, हवाई बेटं. तिथं तो शुक्रवार सगळ्यात शेवटी पोचायचा होता. मी मागं मोजलं, पुन्हा मोजलं, कारण मला स्वतःलाच ते फार सोयीचं वाटलं.

"हवाई बेटांवर," मी म्हटलं. "गुरुवार पहाटेचे साडेतीन."

खेळवाले उभे राहिले. "मग चूक कुठंय? मी हवाईच्या वेळेनं लिहिलं."

मालकांनी कोरा कागद हातात घेतला. "आपला पेपर हवाईत कोण घेतं?"

"अजून कुणी नाही. पण अशा बातम्या दिल्या तर घेतील."

आधी वस्ताद फुटले. मग मालक, तोंडावर कोरा कागद धरून. शेवटी मास्तरसुद्धा, पण त्यांनी ते खोकल्यावर निभावलं. हसून झाल्यावर वस्ताद म्हणाले, "मालक, ह्यो गडी गुळाच्या अड्ड्यावर पाठवू नगा. तिथंबी भाव हवाईचा लावंल."

मालक हसल्यावर शिक्षा निम्मी व्हायची, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. तरी मास्तर बसले होते आणि मास्तर म्हणजे फळा. मालक म्हणाले, "मास्तर, तुमचा आरोप होता की आम्ही मरायच्या आधी मारलं. तो टिकत नाही. पहाटेची चूक आहे, ती आम्ही कबूल करतो. काय करूया?"

"तुम्ही दुरुस्ती छापा. मी फळा पुसतो."

"आधी कोण?"

"आधी तुम्ही. फळा माझा रोज पुसला जातोच."

मास्तरांनी एक अट घातली: दुरुस्तीत 'एका चोखंदळ वाचकाने लक्षात आणून दिल्यावरून' असं हवं. 'चोखंदळ' या शब्दावर ते अडून बसले. मालक 'जागरूक' द्यायला तयार होते. मी मध्ये पडून 'चोखंदळ' देऊन टाकला, कारण बाराचे साडेबारा होत आले होते आणि माझी कात्रणं पडली होती. दुरुस्ती अशी गेली: 'मल्लांचे निधन भारतीय वेळेनुसार गुरुवारी सायंकाळी सात वाजता, व तेथील वेळेनुसार शुक्रवारी पहाटे झाले. आमच्या अंकात गुरुवारी पहाटे असे पडले होते.' हवाईचं वाक्य मालकांनी खोडलं. खेळवाल्यांनी ते छपाईच्या आधी एकदा परत घातलं होतं, ते मी खोडलं.

खेळाचं पान त्यांच्याकडंच राहिलं. गुळाचे भाव मात्र दर गुरुवारी त्यांनीच आणायचे असं ठरलं, आठवण राहावी म्हणून. दिवाळीनंतरच्या मैदानाला ते फळीच्या डाव्या टोकाला होते. ते मैदान गुरुवारी नव्हतं, हे त्यांनी आधी पाहून घेतलं होतं.

वस्ताद जाताना दारात थांबले. "मग बाई, दरसाल आखाडा कवा बंद ठिवायचा? तुमच्या वारानं का माज्या?"

मी म्हटलं, तारीख दरवर्षी वेगळ्या वारी येईल, पण गोष्ट तीच. तिथल्या तारखेच्या आदल्या दिवशी सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी मावळेपर्यंत ठेवा. त्यात ऑकलंडही बसतं आणि मगरीबही.

"म्हंजे आदली सांज आनि दुसरी सकाळ. दोन मेहनती बुडत्यात."

"बुडतात."

"पोरं खुश हुतील," वस्ताद म्हणाले. त्यांना ते फारसं पसंत नव्हतं, पण तसंच ठरलं. पुढं त्या तालमीतले काही पैलवान मला वाटेत भेटले की अदबीनं नमस्कार करायचे आणि आणखी कुठल्या देशाचं कुणी आजारी आहे का, अशी चौकशी करायचे.

मालकांनी त्या दिवशी मला एक काम दिलं. संदर्भ विभागात परदेशी माणसांची जेवढी कार्डं आहेत, त्या प्रत्येकावर मरणाची तारीख कुठल्या गावच्या घड्याळाची ते लिहायचं, म्हणजे 'दिनविशेष'मध्ये पुन्हा फळा व्हायला नको. वाटलं होतं, पावसाळ्याआधी होईल. पण एकेक कार्ड उघडलं की त्यातून भांडण निघायचं. आपल्याकडचे जुने अंक एक तारीख सांगत, तिथला ज्ञानकोश दुसरी, आणि मुंबईचा पेपर तिसरी, कारण त्यानं बातमी ज्या दिवशी छापली तोच दिवस मरणाचा धरलेला. लंडनचे लोक बहुतेक वेळा जमून येतात. तिथं कुणी दुपारपर्यंत गेलं तर वारात फरक पडत नाही, रात्री गेलं तर पडतो. अमेरिकेचे लोक रात्री गेले की मला सगळ्यात जास्त काम लावतात. ठरवून असं लिहायला लागले की मरणाची तारीख ज्या गावी मरण आलं त्या गावची, आणि कंसात आपली. म्हणजे मृत्यूदाखला, थडगं आणि कार्ड यांची तरी एकवाक्यता राहते.

मालक आता नाहीत. त्यांची तारीख सरळ आहे, इथलीच. खेळवाले निवृत्त झाले. मीही पुढच्या मार्चला होईन. कार्डांचं काम 'स'पर्यंत आलंय. मधली काही मी बाजूला काढून ठेवलीत, त्यांतलं एक अजून सुटलेलं नाही. एक प्रवासी चित्रकार, पॅसिफिकमध्ये बोटीवर झोपेत गेले. बोट त्या रात्री हवाईकडून ऑकलंडकडं चालली होती, म्हणजे मी सांगितलेलं ते समुद्रातलं दार तिनं त्याच रात्री ओलांडलं. बोटीवर त्या वेळी एक वार अख्खा गाळतात. संध्याकाळी मंगळवार असेल तर सकाळी एकदम गुरुवार. ते दाराच्या अलीकडं गेले की पलीकडं, कुणी पाहिलेलं नाही. बोटीच्या कंपनीला मी दोनदा पत्र पाठवलं. त्यांनी एकदा मनापासून दुःख कळवलं. वार कळवलेला नाही.

त्या कार्डावर तारीख भरायची आहे.